आईची सही आणि आईची संमती

माझी आई ७९ वर्षांची आहे. चार वर्षांपासून तिला अल्झायमर आहे. बँकेत एकतीस वर्षं नोकरी केलेली बाई, आता बाबा ऑफिसातून आले का म्हणून विचारते. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात अंघोळ घालणाऱ्या ताईंच्या हाताला तिच्या डाव्या स्तनात गाठ लागली. इंजेक्शन आहे असं सांगून ट्रू-कट बायोप्सी केली, कॅन्सर निघाला. गाठ तीन सेंटिमीटरची आहे, काखेत काही नाही. रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलंय, त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही. सर्जन म्हणतात, दोन आठवड्यांत स्तन काढून टाकू. भाऊ न्यू जर्सीत असतो, आईचं मुखत्यारपत्र त्याच्याकडे आहे. त्याचं म्हणणं, ऑपरेशन करायचंच, पण आईला कळू द्यायचं नाही. मोतीबिंदू दाखवायचाय म्हणून न्यायचं. मी एकदा तिला विचारलं तर म्हणाली, “मला कापायचं नाही. माईला कापलं होतं.” माई म्हणजे माझी मोठी मावशी. दहा मिनिटांनी आई सगळं विसरली. हॉस्पिटलातल्या एक बाई म्हणाल्या, “आजी सही किती छान करतात, त्यांचीच घ्या फॉर्मवर, म्हणजे तुम्हा बहीण-भावात वाद नको.” आई आता लहान मुलासारखीच झालीय. तिच्या ‘नाही’ला किती धरून बसायचं? आणि सही कुणी करायची?
— एक मुलगी, कोथरूड

आधी त्या सहीबद्दल बोलते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त भीती त्या सूचनेची वाटली. सुचवणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नसणार. फॉर्म भरला गेला की त्यांचं काम पुढे सरकतं.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाची सही म्हणजे हाताची सवय असते. अल्झायमरमध्ये काल काय झालं ते आधी पुसलं जातं. हाताला लागलेलं वळण खूप उशिरापर्यंत टिकतं. पेटी वाजवणारे आजोबा नातवाचं नाव विसरतात पण बोटं बरोबर पट्ट्यांवर पडतात, तसंच हे. समोर कागद आला, खाली फुली दिसली, हातात पेन दिलं की तुमच्या आई सही करणार. उद्या घराच्या विक्रीच्या कागदावरही करतील. त्या सहीतून त्यांना काय कळलंय, हे कळत नाही.

कायदाही असंच म्हणतो. जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी जी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या २८ व्या कलमात संमती कशाला म्हणायचं नाही ते दिलंय. मनाच्या अवस्थेमुळे ज्या माणसाला आपण कशाला हो म्हणतोय आणि त्याचं पुढे काय होणार हे समजत नाही, त्याचं ‘हो’ ही संमती नाही. बारा वर्षांखालच्या मुलाचं ‘हो’ही त्याच कलमात त्याच रांगेत बसवलंय. म्हणजे आईंना समजत नसेल तर त्यांच्या सहीचा कागद कोरा आहे. आणि समजत असेल तर त्यांनी ‘कापायचं नाही’ असं सांगितलेलं आहे. दोन्हीकडून ती सही कामाची नाही.

हे मी फार शहाणपणाने सांगते आहे असं वाटू नये म्हणून माझीच एक गोष्ट सांगते. मी भूलतज्ज्ञ, तीस वर्षं पुण्यातल्या लहानमोठ्या हॉस्पिटलांत कामं केली. पंधराएक वर्षांपूर्वी एका ठिकाणी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एक आजोबा आले. फाइलमध्ये त्यांची सुबक सही होती, मुलाचीही होती. मी फाइल पाहिली, नाडी पाहिली, पाठीत सुई दिली. पाय बधिर झाल्यावर आजोबांनी मला अगदी सभ्यपणे विचारलं, “बाई, मला इथं कशाला आणलंय?” ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण त्यानंतर तीन रात्री आजोबा भ्रमात होते. सलाइन उपसून काढलं, लघवीची नळी ओढली, मुलाला ओळखेनात. सही होती का, एवढंच मी पाहिलं होतं. त्यांच्याशी सकाळी पाच मिनिटं बोलले असते तर सगळं कळलं असतं.

आता त्या पाच मिनिटांत काय बोलायचं असतं, ते सांगते. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: अल्झायमर आहे, म्हणजे निर्णय घेता येत नाही. तसं नसतं. निर्णयक्षमता ही दिव्याच्या बटणासारखी चालू किंवा बंद नसते. ती त्या-त्या प्रश्नापुरती आणि त्या-त्या वेळेपुरती पाहायची असते. आज कुठली साडी नेसायची, हे तुमच्या आई ठरवू शकत असतील. फ्लॅट विकायचा का, हे अजिबात नाही. ऑपरेशनचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे आणि तो कुठे आहे हे तपासूनच कळतं. स्मरणशक्तीच्या चाचणीत तीसपैकी किती गुण पडले, यावरून आजार किती पुढे गेलाय ते समजतं. या एका प्रश्नावर त्या विचार करू शकतात की नाही, ते समजत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या चौथ्या कलमात यासाठी एक मोजमाप आहे. कायदा मानसिक आजारांच्या उपचारांसाठी आहे, पण मोजमाप इतकं साधं आहे की ते इतरत्रही हाताशी धरता येतं. माहिती समजते का? हो किंवा नाही म्हटल्यावर काय होईल, याचा अंदाज येतो का? आणि आपला निर्णय बोलून, खुणेने, कसाही सांगता येतो का? त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ते तुमच्या भावाला वाचून दाखवा: इतरांना निर्णय चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो माणूस अक्षम ठरत नाही.

‘दहा मिनिटांनी विसरली’ याचंही तसंच. विचार करून उत्तर देण्याइतका वेळ माहिती डोक्यात राहिली तर ती पुरते. इंग्लंडच्या २००५ च्या कायद्यात तर हे स्पष्ट लिहून ठेवलंय की माहिती थोडाच वेळ लक्षात राहते, एवढ्या कारणावरून कुणाला अक्षम समजू नये. पण मग तोच प्रश्न परत विचारून पाहावा लागतो. माणूस आधीचं बोलणं विसरला आणि तरी दर वेळी तेच उत्तर आलं, तर ते उत्तर आतून येतंय.

प्रत्यक्षात हे असं करतात. वेळ सकाळची, नाश्ता झाल्यावर. अल्झायमरचे बरेच रुग्ण दुपार कलल्यावर गोंधळतात. संध्याकाळच्या ओपीडीत, तासभर बाकावर बसवून मग विचारलेल्या प्रश्नाला काही अर्थ नसतो. चष्मा डोळ्यांवर, कानाचं यंत्र असेल तर कानात. खोलीत तुम्ही आणि डॉक्टर, बाकी कुणी नाही. वाक्यं छोटी आणि एका वेळी एकच. “तुमच्या छातीत डाव्या बाजूला गाठ आहे. हात लावून बघा. ती चांगली गाठ नाही, वाढणारी आहे. काढायची तर भूल देऊन छाती कापावी लागेल. नाही काढली तर गोळी देता येते. काहीच नाही केलं तर ती हळूहळू वर येईल, जखम होईल.” मग थांबायचं. “समजलं का?” हा प्रश्न विचारायचाच नाही, आपल्याकडची कुठलीही आजी डॉक्टरांपुढे मान हलवतेच. त्याऐवजी म्हणायचं, “मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत मला सांगता?”

आई म्हणाल्या, “गाठ आहे, कापणार म्हणताय, मला नको, माईचं काय झालं पाहिलंय मी,” तर बरंच काही जागेवर आहे. “गाठबीठ काही नाही, मला घरी सोडा, हे यायची वेळ झाली,” असं म्हणाल्या तर माहिती आत पोहोचतच नाहीये. बहुधा तुमच्याकडे यांच्या मधलं काहीतरी निघेल: कापणं म्हणजे काय ते नीट कळतंय, पण गाठ आपल्याला आहे हे धरून ठेवता येत नाहीये. ही तपासणी वेगवेगळ्या दिवशी दोनतीनदा व्हावी आणि ती केस पेपरवर लिहिली जावी. काय विचारलं, त्या काय म्हणाल्या, त्यांच्याच शब्दांत. ही जबाबदारी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची आहे. त्यांना खात्री वाटत नसेल तर त्यांनी मनोविकारतज्ज्ञाला बोलवावं. तुम्ही ही मागणी केलीत तर ती अडवणूक नाही.

समजा, तपासणीत क्षमता नाही असंच ठरलं. तरी ‘कापायचं नाही’ हे शब्द केराच्या टोपलीत जात नाहीत. ताई, तुम्ही लिहिलंय की आई लहान मुलासारखी झालीय. सगळेच असं म्हणतात, प्रेमाने म्हणतात. पण या उपमेत एक गफलत आहे. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आईवडील सही करतात, कारण त्या मुलाची मतं अजून घडायची आहेत. त्याचं भलं कशात आहे याचा अंदाज मोठ्यांनी करायचा असतो. तुमच्या आईंची मतं घडून झाली आहेत. सत्तर वर्षांचा हिशोब मागे पडलेला आहे. तुम्हाला अंदाज करायचा नाहीये, आठवायचं आहे.

आणि मुलांचंच म्हणाल तर मुलांनाही विचारतात. वैद्यकीय संशोधनात मुलं घ्यायची झाली तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सात ते बारा वयाच्या मुलाला समजावून त्याचं तोंडी ‘हो’ घ्या आणि बाराच्या पुढे लेखी घ्या. आईवडिलांची सही असली तरीही. तो संशोधनाचा नियम आहे, उपचारांचा नव्हे. पण आठ वर्षांच्या मुलाच्या ‘नको’ला जिथे किंमत आहे, तिथे ७९ वर्षांच्या बाईच्या ‘नको’ला नसावी, हे मला पटत नाही.

म्हणून माईमावशीची गोष्ट खणून काढा. मावशीचं ऑपरेशन कधी झालं, पुढे काय झालं, तुमच्या आई तेव्हा तिच्याजवळ होत्या का, घरी येऊन काय म्हणाल्या? मावशीची मुलं असतील, आईंच्या बँकेतल्या मैत्रिणी असतील, त्यांना फोन करा. ‘मला असं काही झालं तर मला शांतपणे जाऊ द्या’ असं म्हणाल्या होत्या, की ‘माईने वेळेवर दाखवलं असतं तर वाचली असती’ असं? या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं असेल, तर आजचा ‘नको’ हा आजाराचा आणि भीतीचा आहे, आणि जुन्या आईने कदाचित ऑपरेशन स्वीकारलं असतं. हे तुम्हाला आवडेल तेच निघेल असं नाही. तुमच्या भावाला आवडेल तेही नाही.

भावाच्या मुखत्यारपत्राचं थोडक्यात. ते फ्लॅट, बँक, कर यांसाठी केलेलं असणार. शरीरावरच्या उपचाराचा अधिकार त्यातून येत नाही. शिवाय करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे ज्याने अधिकार दिला, त्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की दिलेला अधिकारही संपतो. बाबा गेल्यावर घाईघाईने केलेली अशी कितीतरी मुखत्यारपत्रं पुण्यातल्या कपाटांत आहेत आणि ज्या दिवशी गरज पडते, नेमकी त्याच दिवशी ती निरुपयोगी झालेली असतात.

मग अधिकार कुणाचा? तुमचाही आपोआप नाही, आणि हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. सज्ञान माणसाच्या साध्या शारीरिक उपचारांसाठी अमुक नातेवाइकाने सही करावी, अशी उतरंड आपल्या कायद्यात नाही. हॉस्पिटलं जवळच्या नातलगाची सही घेतात तो रिवाज आहे. न्याय संहितेचं २७ वं कलम अशा माणसाच्या भल्यासाठी, त्याला सांभाळणाऱ्याच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला गुन्ह्यातून वगळतं. ते संरक्षण आहे, मालकी हक्क नव्हे. कोमातल्या रुग्णांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने घरच्यांना पालक नेमल्याची उदाहरणं आहेत. बहीण-भावांत टोकाला गेलं तर तो रस्ता आहे, पण तुमचं प्रकरण तिथे जाऊ नये असं मला वाटतं. सांभाळणारी तुम्ही आहात, रोज जवळ आहात. सही तुम्ही करावी हे रीतसर आहे, पण ‘आईच्या वतीने, आईला काय हवं असतं ते लक्षात घेऊन’ म्हणून.

सज्ञान आणि शुद्धीत निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या जागी तर सख्ख्या आईची सहीसुद्धा चालत नाही. दिल्लीतल्या समीरा कोहली यांच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. त्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी गेल्या होत्या, भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. जिवावर बेतलेलं नव्हतं, त्या शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. न्यायालयाने ती संमती मानली नाही. त्याच निकालातली दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे: तपासणीची संमती ही उपचाराची संमती नसते. तुमच्या आईंच्या बायोप्सीच्या कागदावर ‘गरज पडल्यास पुढील शस्त्रक्रिया’ असं छापलेलं असेल तर त्याच्या आधारावर पुढे कुणी जाऊ नये.

आता ज्याच्यामुळे हा सगळा पेच थोडा सैल होईल, ते. रिपोर्टवरचे ते दोन शब्द.

ईआर पॉझिटिव्ह म्हणजे ही गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसते. पाळी गेल्यानंतरही शरीरात थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं. ते बनणं थांबवणाऱ्या गोळ्या असतात. त्यातली नेहमीची लेट्रोझोल, अडीच मिलिग्रॅमची, दिवसाला एक. ऑपरेशन झेपणार नाही अशा वयस्क बायकांना नुसत्या या गोळीवर ठेवण्याची पद्धत जुनी आणि मान्य आहे. बऱ्याच जणींची गाठ काही महिन्यांत लहान होते किंवा आहे तिथे थांबते. ही मात्र कायमची बंदोबस्ताची गोष्ट नाही. साधारण दोनतीन वर्षांनी अनेकींच्या गाठी गोळीला दाद देईनाशा होतात. सत्तरीपुढच्या बायकांवर टॅमॉक्सिफेन या जुन्या गोळीच्या चाचण्या झाल्या, त्यांत असं दिसलं की गाठ जागेवर काबूत ठेवण्यात ऑपरेशन सरस ठरतं. पण एकूण आयुष्य किती वाढतं, यात स्पष्ट फरक दिसला नाही.

म्हणजे सर्जन चुकीचं सांगत नाहीयेत. ७९ वर्षांची, डोकं शाबूत असलेली, पर्वती चढणारी बाई असती तर मीही म्हटलं असतं, काढून मोकळ्या व्हा. स्तनाचं ऑपरेशन पोटाच्या किंवा छातीच्या आतल्या ऑपरेशनांइतकं जड नसतं, आणि आता पाठीतून नसा बधिर करून, खोल भूल टाळूनही करता येतं. पण अल्झायमरच्या रुग्णाला खरा त्रास टेबलावर होत नाही, नंतर होतो. अनोळखी खोली, रात्रीचे दिवे, छातीवर पट्टी, आणि काखेतून निघालेली नळी, जी आठवडाभर किंवा जास्तही ठेवावी लागते. ही नळी कशासाठी आहे हे दर अर्ध्या तासाला विसरणारा माणूस ती ओढणारच. मग हात बांधायचे का, हा प्रश्न येतो. भ्रम झाला तर तो काही जणांत आठवडे टिकतो आणि काही जण आधीच्या पायरीवर परत येतच नाहीत. ऑपरेशनच्या आधी ‘आजींना शांत ठेवायला’ म्हणून झोपेची सुई देण्याची सवय आमच्यात आहे, त्यातल्या काही औषधांनी भ्रम आणखी वाढतो. हे सगळं सर्जनच्या हिशोबात सहसा धरलेलं नसतं, कारण टाके निघाले की त्यांचं काम संपतं.

म्हणून सर्जनना तीन गोष्टी विचारा. ईआरचा स्कोअर आठपैकी किती आहे? सात किंवा आठ असेल तर गोळीचा गुण येण्याची शक्यता चांगली असते. गाठीच्या पेशींवरच्या हर-टू या प्रथिनाची दुसरी तपासणी झालीय का? आणि गोळी सुरू करून तीन महिन्यांनी सोनोग्राफीने गाठ मोजू, वाढली तर पुन्हा बसून ठरवू, असं केलं तर काय बिघडेल? माझा स्वतःचा कल, स्कोअर चांगला असेल आणि आई सतत ‘नको’ म्हणत असतील तर, गोळीकडे आहे. तीन महिन्यांत ऑपरेशनचा रस्ता सहसा बंद होत नाही. काढलेला स्तन मात्र परत येत नाही. स्कोअर कमी असता किंवा गाठ कातडीतून फुटायला आली असती तर मी वेगळं लिहिलं असतं. फुटलेल्या गाठीची जखम वाहते, रक्त येतं, वास येतो, आणि ते दुखणं ऑपरेशनच्या दुखण्यापेक्षा लांबतं. तेव्हा, आई नको म्हणत असतानाही, लहानात लहान ऑपरेशन त्यांच्या भल्याचं ठरू शकतं. म्हणजे ‘नको’ला मान देणं म्हणजे काहीच न करणं, असं भावाला वाटू देऊ नका.

गोळीचे त्रासही सांगून ठेवते: सांधे धरतात, हाडं विरळ होतात. सुरू करण्याआधी हाडांची घनता तपासून घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं विचारा. ज्या घरात पडण्याची भीती आहे तिथे बाथरूमचा दांडा हाही उपचाराचाच भाग समजा.

गोळीलाही संमती लागतेच, बरं का. ती शिऱ्यात कुस्करून द्यायचा मोह होईल. लगेच करू नका. बहुधा गरजही पडणार नाही. सकाळच्या बाकीच्या गोळ्यांबरोबर “ही गाठीची” म्हणून हातावर ठेवली तर घेतील. थुंकायला लागल्या, सतत नाकारायला लागल्या, तर डॉक्टरांशी बोलून, केस पेपरवर लिहून मग काय ते ठरवा. लपवून द्यायचं झालंच तर तो घरातला गुपचूप कारभार असू नये.

मोतीबिंदूचं नाटक करू नका. भावाचा हेतू आईला घाबरवू नये हा आहे, तो मी समजू शकते. लांब असलेल्या मुलाला फोनवरून दुसरं काय करता येतं? पण डोळे दाखवायला म्हणून गेलेली बाई छातीला पट्टी बांधलेली जागी होईल, आणि का ते तिला कुणी सांगितलेलं नसेल. स्मृती जाते, पण ‘यांनी मला फसवलं’ ही भावना राहते. अल्झायमरमध्ये प्रसंग विसरला तरी त्याचा भीतीचा ठसा उरतो. त्यानंतर त्या अंघोळीलाही हात लावू देणार नाहीत.

याचा अर्थ रोज उठून ‘आई, तुला कॅन्सर आहे’ असं सांगायचं, असाही नाही. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी ती बातमी दर वेळी पहिलीच असते. एकदा, शांत सकाळी, नीट सांगायचं. किती सांगायचं ते त्यांच्या प्रश्नांवरून ठरवायचं. पुढे विचारलं तर खरं उत्तर द्यायचं, नाही विचारलं तर उकरून काढायचं नाही. ‘गाठ आहे, ती वाढू नये म्हणून औषध आहे’ हे वाक्य खोटं नाही आणि रोज पेलण्याजोगं आहे. बाबांबद्दल विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता? तिथे जो सूर तुम्ही शोधला असेल, तोच इथे लागेल.

भावाला तुमच्या निरोपांतून सगळं कळवू नका. सर्जनबरोबर एक व्हिडिओ कॉल ठरवा, त्यात तुम्ही, भाऊ आणि शक्य असेल तर आईंचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर. प्रश्न ‘करायचं की नाही’ असा न मांडता ‘आईने काय निवडलं असतं’ असा मांडा. भाऊ बहुधा मावशीच्या आजारपणाच्या वेळी पुण्यातच असेल. त्याला काहीतरी आठवत असेल जे तुम्हाला माहीत नाही. जे ठरेल ते कागदावर यावं: निर्णयक्षमता कुणी, कोणत्या दिवशी तपासली, आईंना काय सांगितलं, त्या काय म्हणाल्या, कोणकोणते पर्याय पुढे ठेवले, तुमचं नातं, आणि नेमक्या कशाला संमती दिली. ‘डॉक्टरांना योग्य वाटेल तो उपचार’ असं मोघम काही असेल तर ते खोडून शेजारी सही करा.

पुढे कधी ऑपरेशनच ठरलं, तर शेवटची एक अट आधीच सर्जनकडून वदवून घ्या. त्या दिवशी थिएटरच्या दारात आईंनी दाराची चौकट धरली, रडल्या, घरी जाऊ म्हणाल्या, तर त्या दिवशी नाही. घाईचं ऑपरेशन नाही हे. पुढच्या आठवड्यात पुन्हा येता येतं. चौघांनी धरून टेबलावर घ्यायचं नाही.

ज्यांच्या घरी हा आजार आत्ताच, पहिल्या पायरीवर कळलाय, त्यांच्यासाठी एक. आत्ता विचारा. शिळोप्याच्या गप्पा नाहीत या, वही घेऊन बसा: भूल, नळ्या, कापणं, दवाखान्यात राहणं, शेवटी घरी की हॉस्पिटलात, आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. बरा न होणाऱ्या अवस्थेत कृत्रिम आधार नको असेल तर वैद्यकीय इच्छापत्र करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तुमच्या आईंच्या गाठीसारखा प्रश्न त्या इच्छापत्राच्या चौकटीत बसत नाही, पण वहीतली चार वाक्यं असती तर आज तुम्हाला मावसभावंडांना फोन करत बसावं लागलं नसतं.

सर्जनची वेळ सकाळी साडेनऊची मागा. देत नसतील तर सांगा, पेशंट चारनंतर बोलू शकत नाही. कानाचं यंत्र असेल तर निघताना त्यात नवा सेल घाला, आणि ट्रू-कटचा मूळ रिपोर्ट बरोबर ठेवा, मोबाइलवरचा फोटो नको. स्कोअर बारीक अक्षरांत खाली असतो.